लिंगाचा बाक : किती, यापेक्षा कधीपासून

प्रश्न : वय ४९. आठ महिन्यांपासून ताठरता आली की लिंग वरच्या बाजूला वाकतं. आधी सरळ होतं. वरच्या अंगाला मधोमध कडक गाठ हाताला लागते. सुरुवातीला दुखायचं, आता कमी आहे. एका डॉक्टरांनी व्हिटॅमिन ईच्या गोळ्या दिल्या, दुसरे म्हणाले ऑपरेशन करून टाका. कॅन्सर तर नाही ना? किती वाकलेलं चालतं? तरुणपणीच्या हस्तमैथुनाच्या सवयीमुळे झालं असेल का?

उत्तर :

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा कॅन्सर वाटत नाही. ही गाठ कातडीखाली, आतल्या आवरणात झालेला वणाचा चट्टा असते आणि तिचा कॅन्सर होत नाही. लिंगाचा कॅन्सर बहुतेक वेळा कातडीवर किंवा बोंडावर दिसतो. तिथे न भरणारी जखम, फुलकोबीसारखी वाढ किंवा पुढच्या कातडीखालून घाण वासाचा स्राव असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याच आठवड्यात दाखवा. आणि ऑपरेशन आज करू नका. ते कधीच लागणार नाही असं नव्हे, पण आठव्या महिन्यात ते करणं चुकीचं आहे. का, ते पुढे येईलच.

या आजाराला आम्ही पेरोनीज डिसीज म्हणतो. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शस्त्रवैद्य पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्यांनी सुचवलेला उपाय होता बारेज गावच्या झऱ्याच्या पाण्याचा. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या त्या पाण्यापेक्षा फार पुढे गेलेल्या नाहीत.

आत काय होतं ते आधी पाहू. लिंगात दोन लांबट नळ्या असतात, त्यात रक्त भरलं की ताठरता येते. या नळ्यांभोवती एक चिवट पण ताणलं जाणारं आवरण असतं. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरली तर काय होतं आठवा. जिथे पंक्चरचं ठिगळ आहे तिथे रबर ताणलं जात नाही, बाकीची ट्यूब फुगते आणि ठिगळाच्या बाजूला वळते. इथेही तेच होतं. संभोगाच्या वेळी ताठर लिंग कधी चुकीच्या कोनात दुमडतं आणि आवरणाला बारीकशी इजा होते. बऱ्याच जणांना तो प्रसंग आठवतही नाही. बहुतेकांची इजा नीट भरून येते. काहींच्या शरीराची ठेवण अशी असते की वण भरता भरता गरजेपेक्षा जास्त जाड होतो, कडक होतो, कधी त्यात कॅल्शियमही साठतं. चट्टा वरच्या बाजूला असला की लिंग वर वळतं. सगळ्यात जास्त रुग्णांत तो वरच असतो, तुमच्यासारखा. शिथिल अवस्थेत काही दिसत नाही, कारण ट्यूबमध्ये हवाच नसते.

हस्तमैथुनाचं ओझं डोक्यावरून उतरवा. विशीतल्या सवयीने एकोणपन्नासाव्या वर्षी चट्टा येत नाही. भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर चालतात, आणि त्यांच्याकडचं तेल जोर लावून चोळून आधीच दुखावलेल्या आवरणाला आणखी इजा करून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता किती वाकलेलं चालतं? लोकांना अंशांचा आकडा हवा असतो. मी आधी दुसरं विचारतो : कधीपासून?

एखादा पंचविशीतला मुलगा लग्न ठरल्यावर घाबरून येतो, सांगतो की डावीकडे वळतं. पहिल्यापासून असंच आहे का विचारलं तर म्हणतो, हो, कळायला लागल्यापासून. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही. थोडा डावा, उजवा किंवा वरचा बाक ही शरीराची घडण आहे. सगळ्यांचं नाक जसं नाकासमोर नसतं, तसंच. त्याला मी तपासून घरी पाठवतो. जन्मजात बाक कधी मोठाही असतो, आणि तो बहुधा खालच्या बाजूला असतो, कारण आवरणाची खालची बाजू वाढीत मागे पडलेली असते. पण तो वयात आल्यापासून तितकाच राहतो, वाढत नाही. त्याला ऑपरेशन लागतं ते फक्त संभोग जमत नसेल तर, आणि तिथे थांबून वाट पाहायची गरज नसते. कारण तो बदलणारच नसतो.

तुमचा बाक नवा आहे. सरळ असलेलं लिंग चाळिशी-पन्नाशीत वाकायला लागलं, तर बाक १५ अंशांचा असला तरी दाखवायलाच हवं, आणि जन्मापासूनचा २५ अंशांचा असून अडत नसेल तर दाखवायचं कारण नाही. ढोबळमानाने ३० अंशांपर्यंतच्या बाकात बहुतेकांचा संभोग विनासायास होतो. म्हणून तो आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. पण ती लक्ष्मणरेषा नव्हे. खाली वळलेला ३० अंशांचा बाक वर वळलेल्या ४० अंशांपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो.

नव्या बाकाचे दोन टप्पे असतात. पहिला जिता टप्पा : चट्टा अजून तयार होतोय, ताठरता आली की दुखतं, बाक महिन्या-महिन्याला बदलतो. हा सहा महिने ते दीड वर्ष चालतो. दुसरा थंडावलेला टप्पा : दुखणं गेलेलं आणि बाक किमान तीन महिने जागच्या जागी. दुखणं जवळजवळ सगळ्यांचं आपोआप जातं. बाकाचं तसं नाही. काहीच न करता शंभरातल्या दहा-बारा जणांचा बाक कमी होतो, चाळीसेकांचा तसाच राहतो आणि उरलेल्यांचा पहिल्या वर्षात वाढतो. जित्या टप्प्यात टाके घालून सरळ केलेलं लिंग सहा महिन्यांनी पुन्हा वाकलं तर ते टाके वाया गेले. म्हणून तुम्हाला आज ऑपरेशन नको.

कोणत्या टप्प्यात आहात हे कळायला मोजमाप लागतं. अंदाज चालत नाही, कारण काळजीत असलेल्या माणसाला रोजच बाक वाढल्यासारखा वाटतो. घरी पूर्ण ताठरता असताना दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूने. मोबाइल लिंगाला काटकोनात धरा, तिरका धरला की कोन चुकतो. फोटो कागदावर किंवा स्क्रीनवर घेऊन मुळाकडच्या सरळ भागाच्या मधून एक रेघ ओढा आणि ती पुढे वाढवा, दुसरी रेघ बाकाच्या पुढच्या भागातून. या दोन रेघांमधला कोन मुलांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. सरळ लिंगाचा कोन शून्य येतो. तारीख लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा करा. फोटो कोणालाही पाठवू नका, फोनमध्ये कुलूप लावून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा. हे दोन फोटो मला एमआरआयपेक्षा जास्त सांगतात. एमआरआय किंवा गाठीचा तुकडा काढून तपासणं यात सहसा लागतच नाही.

एका रुग्णाची हकीकत सांगतो, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५४, हार्डवेअरचं दुकान, आठ वर्षांचा मधुमेह. चार महिन्यांपासून त्रास. गाठ वरच्या बाजूला, मुळापासून अर्ध्या अंतरावर, चिंचोक्याएवढी आणि चिंचोक्यासारखीच चपटी, कडक. मी त्यांना तळहात टेबलावर सपाट ठेवायला सांगितलं. ते चक्रावले, पण उजवा तळहात टेकेना. अनामिकेच्या मुळाशी कातडी ओढली गेली होती आणि बोट किंचित मुडपलेलं होतं. याला ड्युप्युट्रेन म्हणतात. तळहाताच्या आवरणात तसाच वण. लिंगात चट्टा असलेल्या माणसाला हा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. तुम्हीही तळहात टेबलावर ठेवून पाहा. साखरही तपासून घ्या, मधुमेहात हा आजार जास्त होतो आणि ताठरता मुळातच कमी असू शकते.

त्यांचा फोटोतला बाक २५ अंश आला. मी दुखण्यासाठी दोन आठवडे साधी वेदनाशामक गोळी दिली आणि रोज टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम सुरू केलं, कारण ताठरता जरा ढिली होती. ढिलं लिंग संभोगात दुमडतं आणि नवी इजा होते. ही गोळी बाक काढत नाही, तो गैरसमज मी पहिल्याच दिवशी दूर करतो. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घ्यायचीच नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ९.२ होतं, ते खाली आणायला त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लिंगाला ताण देण्याचं यंत्र दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास लावायला सांगितलं. हे एक यंत्र मी मनापासून सुचवतो. थोडा बाक कमी होऊ शकतो, थोडी लांबी परत मिळू शकते. जुनी यंत्रं दिवसाला कित्येक तास लावावी लागायची, म्हणून लोक सोडून द्यायचे. त्यांनीही दुकानामुळे महिन्याभरात सोडलं.

नवव्या महिन्यात बाक ४० अंश झाला, पण दुखणं गेलं. बाराव्या महिन्यात ४५. पंधराव्या महिन्यातही ४५. आता चट्टा थंडावला म्हणायला हरकत नव्हती.

मधल्या काळात त्यांनीही दुसरीकडून व्हिटॅमिन ई आणलं होतं. या गोळ्यांचा उपयोग दिसत नाही म्हणून अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनची नियमावली त्या देऊ नका असं स्पष्ट सांगते, टॅमॉक्सिफेन या गोळ्यांबद्दलही तेच. मग 'मला गुण आला' असं सांगणारे लोक कुठून येतात? याचं उत्तर एका इंजेक्शनच्या चाचणीत आहे. चट्ट्यातलं कोलॅजन विरघळवणाऱ्या कोलॅजिनेज या इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या मोठ्या चाचण्यांत औषध मिळालेल्यांचा बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला. आणि ज्यांना औषधाशिवायचं नुसतं द्रव टोचलं त्यांचाही १८ टक्के कमी झाला! त्यामुळे तुलनेला दुसरा गट नसताना कुठलीही गोळी, तेल, लेप किंवा बाहेरून लहरींचे धक्के देणारी शॉकवेव्ह थोडीफार 'लागू पडतेच'. शॉकवेव्हने दुखणं कमी होतं, बाक नाही. आणि दुखणं तसंही जाणारच असतं, तेव्हा त्यासाठी हजारो रुपये मोजायचे का हे तुम्ही ठरवा.

ते कोलॅजिनेज आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याने लिंगात रक्त साकळतं आणि क्वचित आवरण फाटतं, म्हणून ते सवयीच्या हातातच हवं. आपल्याकडे चट्ट्यात व्हेरापॅमिल टोचतात, साधारण दर दोन आठवड्यांनी, अनेक वेळा. काहींना फायदा होतो, पण पुरावा कच्चा आहे. ऑपरेशन टाळायचंच असलेल्या रुग्णाला मी हे सगळं सांगून देतो. सुई चट्ट्यात अनेकदा फिरवावी लागते, ते सुखाचं नसतं.

पंधराव्या महिन्यात ते पहिल्यांदा पत्नीला घेऊन आले. तोवर मी दोनदा सांगूनही आणलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "वर्षभर हे वेगळ्या खोलीत झोपतायत. मला वाटलं माझ्यावरच राग आहे." ते खाली मान घालून बसले होते. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत विचारतो, घरी माहीत आहे का? मला ऑपरेशनचा निर्णय घ्यायलाही त्यांचं बोलणं लागतं. ते म्हणत होते 'जमतं'. त्या म्हणाल्या, जमतं पण मला फार दुखतं. त्या एका वाक्याने निर्णय बदलला. ४५ अंश असूनही दोघांचं नीट जमत असतं तर मी काहीच केलं नसतं.

ऑपरेशनआधी दवाखान्यातच इंजेक्शन देऊन ताठरता आणतो आणि डॉपलर सोनोग्राफी करतो. दोन गोष्टी कळतात : खरा बाक किती आणि रक्तपुरवठा कसा. त्यांचा बाक ४८ अंश निघाला, रक्तपुरवठा ठीक होता. या इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर रात्री असली तरी इस्पितळात यायचं, लाजून घरी बसायचं नाही. उशीर झाला तर लिंगाची आतली ऊती कायमची मरते.

ऑपरेशनच्या तीन वाटा आहेत आणि त्यांतली निवड आवडीची नसून मोजमापाची असते. बाक ६० अंशांपर्यंत, लिंग मध्येच डमरूसारखं आवळलेलं नाही आणि ताठरता चांगली, तर चट्ट्याला हातही न लावता विरुद्ध बाजूला टाके घालून लांब बाजू आखूड करायची. शिंपी पँटला चुण्या घालतो तसं. बाक ६० च्या पुढे किंवा डमरूसारखा आकार असेल तर चट्टा कापून तिथे ठिगळ लावायचं, पायाच्या शिरेचं किंवा प्रक्रिया केलेल्या ऊतीचं. यात लांबी जास्त राखली जाते, पण संवेदनेच्या नसा नेमक्या त्या चट्ट्यावरूनच जातात. त्या उचलाव्या लागतात, म्हणून बोंड बधिर होऊ शकतं, आणि पुढे ताठरता जाण्याचा धोका टाक्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. आणि गोळ्यांनीही ताठरता येत नसेल तर नुसतं सरळ करून उपयोग काय? तिथे आत कृत्रिम रॉड बसवतात, त्यावरच बाकही सरळ करून घेतात.

त्यांना पहिली वाट योग्य होती. बाक वर, म्हणून टाके खाली, मूत्रनळीच्या दोन्ही बाजूंना. कमरेत भूल, मुळाशी रबरी पट्टी आवळून सलाईन भरलं की ऑपरेशन टेबलावरच ताठरता येते. मग एकेक टाका बांधायचा, पुन्हा भरून पाहायचं. शेवटी दहाएक अंश मुद्दाम सोडले. शून्य करण्याच्या हट्टात एखादा टाका जास्त बसतो आणि लांबी आणखी जाते.

लांबीबद्दल आधीच रोखठोक बोलावं लागतं. शिथिल लिंग ओढून मोजलं तेव्हा ऑपरेशनआधी १२ सेंटिमीटर होतं, नंतर ११. लांबी खरं तर आजारानेच आधी खाल्लेली असते, पण रुग्ण हिशेब ऑपरेशनच्या नावावर मांडतो. म्हणून मी ओढून मोजलेला आकडा त्यांच्यासमोर कागदावर लिहून त्यांची सही घेतो. गाठ तशीच हाताला लागणार, ती आपण काढत नाही. खालच्या बाजूला टाक्यांच्या बारीक गाठीही लागणार. पहिले आठ-दहा दिवस पहाटेच्या ताठरतेने झोपमोड होणार. सहा आठवडे संभोग बंद. हे सगळं त्यांना आधी सांगितलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता फोन आलाच, "डॉक्टर, टाके तुटले वाटतं." तुटले नव्हते.

एक प्रसंग मात्र या सगळ्या वाट पाहण्यात बसत नाही. संभोग चालू असताना 'कट्' असा आवाज आला, ताठरता झटकन गेली आणि लिंग वांग्यासारखं काळंनिळं सुजलं, तर आवरण फाटलं आहे. त्याच दिवशी ऑपरेशन लागतं. बर्फ लावून सकाळपर्यंत थांबलेल्यांतले काही जण वर्षभराने तुमच्याच तक्रारी घेऊन येतात, चट्टा आणि बाक दोन्ही घेऊन.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दुखणं उतरतंय, म्हणजे थंडावण्याकडे वाटचाल दिसते. व्हिटॅमिन ई बंद केलंत तर काही बिघडणार नाही. आज फोटो काढा, दोन महिन्यांनी पुन्हा, आणखी दोन महिन्यांनी पुन्हा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. तोवर संभोग करायला हरकत नाही, पण जोडीदार वर असण्याची पद्धत टाळा, कारण त्यात लिंग दुमडू शकतं. ताठरता ढिली वाटत असेल तर युरॉलॉजिस्टला आत्ताच दाखवा. तसं नसेल तरी तीन फोटो झाले की ते घेऊन जा, आणि जमलं तर घरच्यांना सोबत न्या.